पाळी बदलताना

चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वाहनभागांच्या कारखान्यात दुपारी सव्वातीन ते पावणेचार या अर्ध्या तासात उभं राहिलं, तर चार पिढ्यांची माणसं एकत्र काम करतात म्हणजे काय, ते नीट दिसतं. पहिली पाळी साडेतीनला सुटते, दुसरी आत येते. मशिन तेच, जॉब तोच. बदलतो तो फक्त माणूस, आणि त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर गेटबाहेर जाऊ नये, एवढंच साधायचं असतं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. सीएनसी लेथवर एका घराचा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या भागाचा, बोअर ६२ मिलिमीटरचा करायचा होता. चालणारा फरक ०.०३ मिलिमीटर, तोही वरच्याच बाजूला. कापणारी इन्सर्ट झिजत जाते तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर मशिनला थोडं थोडं ऑफसेट देत राहतो. इन्सर्ट नवी लावली की हे ऑफसेट परत शून्यावर आणावं लागतं. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो. मोठा झाला की तो भाग भंगारात.

पहिल्या पाळीला मशिनवर ५७ वर्षांचे, कायम नोकरीतले कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. दोन वाजता ४६ वर्षांच्या सुपरवायझरने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘मशिन ओके’. पावणेतीनला शेजारच्या अ‍ॅप्रेंटिसने स्क्रीनचा फोटो काढून लाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला; त्यात ऑफसेट ०.०२ दिसत होतं. तीन वीसला मामांनी, पुढच्या माणसाला त्रास नको म्हणून, स्वतःहून इन्सर्ट बदलली आणि ऑफसेट शून्य केलं. पुढचा ऑपरेटर बसमुळे उशिरा येणार होता, म्हणून त्यांनी हेल्परला सांगितलं, “पोराला सांग रे, नवीन लावलीय.” हेल्पर ट्रॉली आणायला गेला, तो गेलाच.

पुढचा ऑपरेटर म्हणजे आयटीआय झालेला, कंत्राटावरचा २१ वर्षांचा मुलगा. त्याने सवयीने ग्रुप पाहिला. फोटोत ०.०२, समोर स्क्रीनवर शून्य. कुणाकडून तरी पुसलं गेलं असेल असं समजून त्याने ०.०२ पुन्हा घातलं. पहिला जॉब ६२.०२८ आला. मर्यादेत होता, पण अगदी काठावर, आणि नवीन पाळीचा पहिला जॉब काठावर येणं हे शंकेचं लक्षण. त्यालाही शंका आली. त्याने ३३ वर्षांच्या प्रोसेस इंजिनिअरला खासगी मेसेज केला. इंजिनिअर आढावा बैठकीत होता. तासाभराने तपासनीस आला तेव्हा २० पैकी ९ भाग ६२.०३च्या वर गेलेले होते.

आता यात चूक कुणाची? बैठकीत जे व्हायचं ते झालं. मामा म्हणाले, आजकालच्या पोरांना तोंडाने विचारता येत नाही. मुलाचं म्हणणं, मामा काही लिहीतच नाहीत. सुपरवायझरने रजिस्टर पुढे केलं, इंजिनिअरने सगळ्यांना मेल पाठवला. मेल वाचणारा बहुधा तो एकटाच असावा! नंतर मनुष्यबळ विभागाने पिढ्यांवर कार्यशाळा ठेवली. त्यात बूमर, मिलेनियल, जेन झी अशी अमेरिकन नावं आणि प्रत्येकाच्या स्वभावाचे तक्ते.

या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२०च्या अहवालात कामाच्या ठिकाणी माणसांना अशा पिढ्यांत वाटून व्यवस्थापन करण्याला पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे तर ते आणखीच लंगडं पडतं. मामा आणि त्या मुलात ३६ वर्षांचं अंतर आहे, पण त्याहून मोठं अंतर कायम आणि कंत्राटी यांच्यात आहे. मामा साहेबाला चारचौघांत “हे जमणार नाही” म्हणू शकतात, कारण त्यांच्यामागे युनियन आहे आणि निवृत्ती जवळ आहे. मुलाचं कंत्राट काही महिन्यांचं. प्लँटहेड असलेल्या ग्रुपवर “मला कळलं नाही” असं लिहिणं त्याला परवडत नाही. त्याच्या गप्प बसण्याला आपण पिढीचा स्वभाव म्हणतो, आणि त्याची नोकरीची अट बघायचं राहून जातं.

वयाचा फरक अजिबात नसतो असं नाही. मामांना समोर उभं राहून बोललेलं पटतं, आणि लहानांदेखत चूक काढलेली मुळीच खपत नाही. मुलाला आपलं बरोबर की चूक हे लगेच हवं असतं. मधले दोघे कागद आणि मेल यांना पुरावा मानतात. पण या सवयी बदलण्याच्या मागे लागू नये, वेळ वाया जातो. निरोपाची जागा ठरवावी.

त्या दुपारी निरोप तीन ठिकाणी होते. सगळ्यात जुना रजिस्टरमध्ये, त्यानंतरचा फोनवर, सगळ्यात ताजा आणि खरा मामांच्या तोंडी. जो सर्वांत खरा तोच सर्वांत कमी दिसणारा. हे किती महागात पडू शकतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा तरंता नव्हे, तर समुद्रतळावर रोवलेला मंच. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, आणि हे रात्रपाळीच्या संबंधित माणसांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी तो पंप चालू केला. १६७ माणसं गेली.

आपल्या लेथवर उपाय साधा निघाला. मशिनलाच एक कार्ड अडकवलं, त्यावर चार रकाने: आत्ताचं ऑफसेट, इन्सर्ट कितव्या जॉबला बदलली, शेवटच्या जॉबचं माप, आणि अर्धवट राहिलेलं काम. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा दोघं मशिनपाशी उभे राहतात. मामा बोलतात, मुलगा लिहितो, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. मामांना लिहायचा कंटाळा आणि मुलाला विचारायची भीती, दोन्ही यात सुटतात, कारण विचारणं हा आता कामाचाच भाग झाला. रजिस्टर कार्डावरून भरायचं. ग्रुपवर उशिरा वाचलं तरी चालेल एवढंच: सुट्टीची सूचना, बसची वेळ. ऑफसेटचे फोटो बंद. पहिला जॉब काठावर आला तर मशिन थांबवायचा अधिकार ऑपरेटरला, आणि त्या थांबण्याचा जाब त्याला विचारायचा नाही. हे शेवटचं सुपरवायझरच्या गळी उतरवायलाच सर्वांत जास्त वेळ लागला, कारण त्याचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यावर होतो.

अडचणी उरतातच. दहा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात, म्हणजे बसची वेळ पुढे न्यावी लागते आणि त्या दहा मिनिटांचा पगार द्यावा लागतो. व्यवस्थापन इथेच हात आखडतं. मग आठवड्याभरात कार्डावर रोज तेच आकडे दिसू लागतात. सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच दमात भरलेले. असं कार्ड दिसलं की समजावं, कुणी मशिनपाशी उभं राहिलेलं नाही.

तुमचं ऑफिस असो, बँकेची शाखा असो की रुग्णालयाचा वॉर्ड, पिढ्यांवरची कार्यशाळा ठरवण्याआधी एवढं करा: गेल्या महिन्यात चुकलेला एक निरोप घ्या, तो कुठून निघाला, कुठे थांबला आणि ज्याला शंका आली होती त्याने ती कुणाला विचारायला हवी होती, ते कागदावर लिहून काढा.