*तूर किती घ्यायची? फेब्रुवारीचा हिशोब*



गेल्या हंगामात काही सभासदांना तुरीचे पैसे उशिरा मिळाले. कारण खरेदीचा आकडा आपण अंदाजाने धरला होता. 40 क्विंटल डाळ विकायची म्हणजे 40 क्विंटल तूर लागेल, असं होत नाही. यंदा हिशोब कसा केलाय ते बघा.

*1) आधी डाळ किती बनवायची*
फेब्रुवारीत 40 क्विंटल डाळ विकली जाईल असा अंदाज आहे, मार्चमध्ये 56. एप्रिलचा अंदाजही 56 चाच आहे. महिना संपताना पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या पाव भाग डाळ गोदामात हवी, म्हणजे 1 तारखेलाच दुकानदाराला नाही म्हणावं लागत नाही. मार्चच्या 56 चा पाव भाग 14 क्विंटल. गोदामात आज 12 क्विंटल शिल्लक आहे.

विक्री 40 + शेवटी हवी 14 – आज आहे 12 = *42 क्विंटल डाळ बनवायची.*

*2) मग तूर किती लागेल*
आपल्या मिलचा उतारा 1 क्विंटल तुरीला 70 किलो डाळ असा धरलाय. बाकी चुनी, टरफल आणि घट. म्हणून 42 क्विंटल डाळीला 60 क्विंटल तूर लागते.

*3) शेवटी खरेदी किती*
मार्चमध्ये डाळ 56 + 14 – 14 = 56 क्विंटल बनवायची, त्याला 80 क्विंटल तूर लागेल. त्यातली निम्मी, म्हणजे 40 क्विंटल, फेब्रुवारी संपताना हातात हवी. आज गोदामात 20 क्विंटल तूर आहे.

गरज 60 + शेवटी हवी 40 – आज आहे 20 = *80 क्विंटल खरेदी.*

हिशोबापुरता भाव 7,500 रुपये धरला, तर 6 लाख रुपये खात्यात आधी तयार हवेत. मागच्या वेळी चुकलं ते इथंच. पुढच्या महिन्याचा साठा धरलाच नव्हता, त्यामुळे तूर आली पण पैसे कमी पडले.

*कुठे बिघडू शकतं*
तूर ओली असेल तर वाळवताना वजन घटतं आणि उतारा पडतो. 60 क्विंटलमधून 40 क्विंटलच डाळ निघाली, तर 42 साठी 63 क्विंटल तूर लागेल. म्हणून पहिल्या लॉटची तूर आणि निघालेली डाळ दोन्ही वजन करून बघणार आहोत. उतारा वेगळा निघाला की खरेदीचा आकडा लगेच बदलू.

विक्री अंदाजापेक्षा कमी झाली तर डाळ पडून राहते आणि पैसा अडकतो. त्यासाठी महिनाअखेर पोती मोजून, खरी शिल्लक धरून मार्चचा हिशोब नव्याने करू.

👉 फेब्रुवारीत तुम्ही किती क्विंटल तूर आणणार आणि कोणत्या आठवड्यात, ते या मेसेजला उत्तर देऊन कळवा. तूर चांगली वाळवूनच आणा.