गृहपाठ जड झाला, तर मॅडमना काय लिहावं?

"गृहपाठ फार होतो" एवढंच लिहिलं, तर वर्गशिक्षिकेला त्यावर काही करता येत नाही. वरच्या वर्गांत विषयागणिक शिक्षक वेगळे. कोणी किती दिलं हे एकमेकांना ठाऊक नसतं, आणि सगळ्या वह्या एकाच संध्याकाळी उघडाव्या लागतात. म्हणून आधी आठवडाभर विषयवार वेळ टिपावा. मूल खरंच लिहीत होतं तेवढाच. पेन्सिल शोधण्यातला धरू नये.

मग मेल असा लिहिता येईल:

"नमस्कार मॅडम, मी सहावी 'ब'मधल्या ईराची आई. गेल्या सोमवारी आणि गुरुवारी तिला गृहपाठाला अडीच तास लागले. इतर दिवशी तासाभरात झाला. त्या दोन्ही दिवशी गणित, विज्ञान आणि इंग्रजी एकत्र आले होते. गणितं तिला येतात, वेळ जातो तो प्रश्न उतरवून घेण्यात. नुसती उत्तरं लिहिली तर चालेल का? की तिचाच वेग कमी पडतोय? वर्गात तुम्हाला काय दिसतं ते कळवाल का? तुमच्या सोयीने भेटायलाही येईन."

यातला वेगाचा प्रश्न सर्वांत मोलाचा. बाकीच्या मुलांचं वेळेत होतं का, हे घरून कळत नाही.

केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सुचवला आहे. पहिल्याच मेलमध्ये हा दाखला नको, मुख्याध्यापकांना प्रतही नको. दोन्हींमुळे मेलची तक्रार होते आणि उत्तर सावध येतं. पंधरवड्यात काहीच हललं नाही, तर पालकसभेत तो जरूर काढावा.