मिश्री लावता का?

‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की पन्नाशीच्या मावशी ‘नाही हो’ म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्या मिश्री लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं. म्हणून नर्सनं नावं घेऊनच विचारायला हवं: मिश्री, मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, विडी. दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळात? उठल्याउठल्या लागत असेल तर सवय घट्ट आहे. याला एक मिनिट पुरतं.

सल्ला त्यांच्याच तक्रारीला जोडावा. ‘मावशी, तिखट झोंबतं म्हणालात ना? ते मिश्रीमुळे असू शकतं. ती पूर्ण बंद करा.’ ‘कमी करा’ म्हटलं की चारदाची तीनदा होते. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवावं.

घोळ होतो तो शेवटच्या मिनिटात. नंबर लिहिलेली चिठ्ठी पिशवीत जाते आणि तिथेच राहते. त्यापेक्षा मावशींच्याच मोबाइलवरून १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन लावून द्यावी; कॉल मोफत आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस होणारी चिडचिड, तलफ सांभाळायला तिथले समुपदेशक असतात. तीन मिनिटांत ते काम होत नाही. पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं.