आजीचं दत्तात्रय, आईबाबांचं ईशान

बाराव्या दिवशी पाळणा सजला, शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि आतल्या खोलीत नावावरून आवाज चढले. पुष्कळ घरांत घडते तशी ही गोष्ट.

बाळाचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं नाव दत्तात्रय. ‘पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, ही आपल्या घरची रीत आहे,’ आजी म्हणाली. ‘आई, शाळेत पोरं त्याला दत्त्या म्हणून हाक मारतील. आम्ही ईशान ठरवलंय,’ मुलगा म्हणाला. सून काही बोलली नाही, पण नाव मुळात तिनेच शोधलं होतं. त्यात गुरुजींनी पत्रिका पाहिली: रोहिणी नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर ‘वा’. म्हणजे दोन्ही नावं बाद!

मला वाटतं, इथे सगळ्यांनी थांबून तांदळाच्या ताटाकडे पाहायला हवं. नामकरणात वडील तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात, आणि शास्त्राने तिथे एक नव्हे, चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहाराचं. गुरुजींचा ‘वा’ फक्त तिसऱ्यासाठी. तिथे वामन लिहिलं की पत्रिकेचं काम झालं. व्यवहाराच्या नावाला अक्षराचं बंधन नाही.

राहिला प्रश्न त्या चौथ्या नावाचा. इथे आजीची बाजू समजून घेण्यासारखी आहे. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत, उखाण्यापुरतं घेतात तेवढंच. नातू दत्तात्रय झाला असता तरी आजीने त्याला त्या नावाने कधीच रागावलं नसतं. अशा नातवांना घरात बापू, आबा, अण्णा अशाच हाका मारल्या जातात. तिला हवं होतं ते नवऱ्याचं नाव घरात पुन्हा नांदणं. रोजच्या हाकेसाठी नव्हे.

हे ओळखलं आत्याने. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान तिचा, म्हणून अशा भांडणात तिचा शब्द चालतो. ‘ताटात दादांचं नावही लिहा, कानात मी ईशान सांगते, आणि आई, तू बापू म्हण,’ ती म्हणाली. आजीने जरा वेळ घेतला, मग स्वतःच बाळाला तिच्या मांडीवर दिलं.

एवढ्यावर जमलं नसतं, तरी दाखल्यासाठी घाई करायचं कारण नव्हतं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. मात्र एकदा दाखल्यावर चढलेलं नाव बदलणं फार किचकट. म्हणून घरात एकमत होईपर्यंत तो रकाना कोरा ठेवलेला बरा.