‘साहेबाचं पाहा लागते’ : लाचेची बोली आणि लाचेचा कायदा

भंडारा जिल्ह्यात ‘लाच’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळतो, बोलण्यात मात्र क्वचितच ऐकू येतो. बातमी म्हणते, ‘लाच मागितली.’ ज्याच्याकडे मागितली तो धान पिकवणारा शेतकरी घरी येऊन सांगतो, ‘साहेबाचं पाहा लागते म्हणे जी.’ काय पाहायचं, किती पाहायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. तरी ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. एकाला कळलेलं हे बोलणं न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली, की बोली आणि कायदा समोरासमोर येतात.

मूळ शब्द जुना आहे. संस्कृतात लञ्चा, पालीत लञ्च, कन्नडात लंच, गुजरातीत लांच. मोल्सवर्थच्या कोशातही तो अनुस्वारासह ‘लांच’ असाच भेटतो. हिंदी-उर्दूतली रिश्वत अरबीतून आली आणि अरबी कोशकार तिचं नातं विहिरीत पोहरा सोडायच्या दोराशी जोडतात. पाणी वर यायचं तर दोर आधी खाली सोडावा लागतो. यापेक्षा नेमकी व्युत्पत्ती शोधून सापडणार नाही.

पण हे शब्द उघडे आहेत, म्हणूनच व्यवहारात चालत नाहीत. तिथं खाण्यापिण्याचे शब्द येतात : चहापाणी, चिरीमिरी, मलिदा. तुमसरपलीकडे बालाघाट लागतो, त्यामुळं त्या पट्ट्यात ‘खर्चापानी’ही तितकंच घरचं वाटतं. फाइलीवर ‘वजन’ ठेवलं जातं, नाहीतर ती वाऱ्यानं उडते. इंग्रजीत चाकाला ‘ग्रीस’ लावतात. आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीनं ‘स्पीड मनी’ हा शब्द उचलला. १९६४ सालच्या संथानम समितीच्या अहवालात तो सापडतो. बोलीला प्रतवारीही चांगली कळते. शिपायाला मिळते ती चिरीमिरी, दरमहा पोचतो तो हप्ता, कंत्राटात कापली जाते ती टक्केवारी आणि रेतीचा ट्रक विनाअडथळा पुढं जाण्यासाठी द्यायची ती ‘एन्ट्री’. रक्कम, वारंवारता, देणाऱ्याचा धंदा हे सारं एका शब्दात येतं.

कायद्याला यातल्या कुठल्याच प्रतवारीशी कर्तव्य नाही. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाचं कलम ७ चहापुरते पैसे आणि लाखाची थैली एकाच मापानं मोजतं. काम नियमातलं होतं की नियमाबाहेरचं, हा प्रश्नही तिथं गौण आहे. नियमातलंच काम करण्यासाठी पैसे घेतले तरी तो गुन्हाच. अमेरिकेच्या १९७७च्या परदेशी लाचविरोधी कायद्यात नेहमीच्या सरकारी कामाला गती देण्यासाठी दिलेल्या पैशांना सूट आहे, म्हणजे तिथं ग्रीसला कायदेशीर नाव मिळालं. आपल्याकडं ते मिळालेलं नाही.

गंमत अशी, की कायद्याचा जुना शब्दही मुळात बोलीसारखाच होता. भारतीय दंड संहितेपासून चालत आलेला ‘परितोषण’ हा शब्द घ्या. परितोष म्हणजे समाधान. ‘साहेबांना खूश करा’ याचंच हे सोवळं रूप. २०१८च्या दुरुस्तीनं त्याला मागं सारून कलमात ‘अनुचित लाभ’ आणला, पण व्याख्या करताना पुन्हा परितोषणाचाच आधार घ्यावा लागला : कायदेशीर मेहनतान्याखेरीज कोणतंही परितोषण, मग ते पैशात मोजता येवो वा न येवो. म्हणजे पाकीट यात येतं, तशी पुतण्याला लावून दिलेली नोकरीही येते.

आता खरी अडचण. मोहाडी तालुक्यातला एक शेतकरी मनाशी धरू. वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत. कचेरीत त्याला ‘पाहा लागते’ असं सांगण्यात आलं आणि समोरच्यानं दोन बोटं वर केली. तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं जातो (१०६४ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक). विभाग लगेच सापळा लावत नाही. आधी पडताळणी करतो. तक्रारदाराजवळ आवाज टिपणारं यंत्र दिलं जातं, सोबत सरकारी पंच पाठवला जातो. यंत्राला बोटं दिसत नाहीत. म्हणून तक्रारदारानं बोलणं उघड करून घ्यावं लागतं : ‘साहेब, दोन हजारच ना? फेरफाराचेच ना?’ उत्तर ‘हो’ आलं तर काम झालं. ‘तुम्ही समजदार आहात’ असं आलं, तर पंचनाम्यात तेच शब्द जसेच्या तसे उतरतात आणि त्यांचा अर्थ पुढं न्यायालयात भांडून ठरवावा लागतो. बातम्यांत नेहमी येणारा ‘तडजोडीअंती’ हा शब्द याच टप्प्यावरचा : पाच हजार मागितले, तडजोडीअंती तीन ठरले. बाजारातली घासाघीस इथं पुरावा होते, कारण घासाघीस झाली म्हणजे मागणी होती.

त्यानंतर नोटांना अँथ्रासीनची पूड लावतात. ती उघड्या डोळ्यांना जाणवत नाही, अतिनील दिव्याखाली मात्र हात निळसर चमकतो. पण चमकणारा हात पुरेसा नसतो. आरोपी म्हणतो, शेतसाऱ्याची थकबाकी होती. किंवा म्हणतो, उसने दिलेले परत घेतले. नुसते पैसे सापडण्यानं गुन्हा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये बी. जयराज प्रकरणात सांगितलं. १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मागणी आणि स्वीकार या दोन्हींचा पुरावा अनिवार्य ठरवला. तक्रारदार वारला किंवा फितूर झाला, तर मात्र तो परिस्थितिजन्य पुराव्यातून उभा करता येतो. माझ्या मते बोलीभाषेतला आडपडदा नुसत्या लाजेतून आलेला नाही. मागणी ऐकू जावी, पण टिपली जाऊ नये, ही त्याची घडण आहे.

देणाऱ्यालाही शब्द फसवतात. ‘नजराणा’ घ्या. मालगुजारीच्या काळात जमिनीच्या हस्तांतराला संमती देताना मालगुजार नजराणा घेई. मालगुजारी १९५१मध्ये गेली, शब्द राहिला. आज भोगवटादार वर्ग २ची जमीन वर्ग १ करताना सरकार जी रक्कम घेतं, तिला महसुली भाषेत नजराणाच म्हणतात आणि ती चलनानं भरायची असते. कानाला वाईट लागणारा शब्द इथं वैध आहे. ‘चहापाणी’ हा निरुपद्रवी शब्द गुन्ह्याचा. अशा वेळी शब्दाकडं न पाहता पावतीकडं पाहावं. आणि नाइलाजानं पैसे दिलेच असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. २०१८पासून देणाराही गुन्हेगार ठरतो आणि जबरदस्तीनं द्यावं लागलेल्यालाच ही सूट आहे.

राहिला ‘वशिला’. अरबीत वसीला म्हणजे जवळ जाण्याचं साधन. ईश्वराजवळ जाण्याच्या संदर्भातही तो शब्द येतो. विदर्भात त्यालाच ‘सोर्स’ म्हणतात, आणि लोक लाच व सोर्स एकाच पिशवीत टाकतात. कायदा त्यांची फारकत करतो. मध्यस्थानं आपल्या ओळखीचा वापर करण्यासाठी पैसे घेतले, तर कलम ७अ लागतं. मामानं फुकट फोन केला, आमदारांच्या कार्यालयातून चिठ्ठी आली, आणि रांगेतला बारावा कागद पहिला झाला, तर लाभ कुणी दिला आणि कुणी घेतला हे दाखवल्याशिवाय लाचेचं कलम उभं राहत नाही. बाकीच्या अकरा जणांना कागद मागं का गेला हे कळतच नाही. त्यांना एवढंच विचारलं जातं, ‘तिथं कोणी आहे का तुमचं?’