आतल्या तपासणीवर बाहेरच्याचा भरवसा

समजा, एका कंपनीची 12 गोदामं आहेत आणि अंतर्गत लेखापरीक्षकांनी वर्षभरात त्या सगळ्यांतला माल मोजला आहे. मग वैधानिक लेखापरीक्षकाने तो पुन्हा का मोजायचा?

भारतात याचं उत्तर एसए 610 या मानकात आहे. त्यानुसार आधी माणसं पाहायची. अंतर्गत विभाग कोणाला उत्तर देतो? अहवाल थेट लेखापरीक्षण समितीकडे जात असेल तर ठीक. पण विभागप्रमुखाची पगारवाढ वित्तप्रमुखाच्या हाती असेल, तर त्याच वित्तप्रमुखाच्या चुका तो कितपत मोकळेपणाने लिहील? इथे शंका आली, तर कौशल्य कितीही असो, ते काम वापरता येत नाही. त्यानंतर कामाची शिस्त: आराखडा, नोंदी, वरिष्ठांची तपासणी. नुसती ‘तपासले’ अशी खूण पुरत नाही; कोणता माल, कधी, कोणी मोजला आणि फरकाचं पुढे काय झालं, हे कागदावर हवं.

सगळं समाधानकारक असलं तरी दोन-तीन गोदामांतल्या काही वस्तू तो स्वतः पुन्हा मोजतोच. आकडे जुळले, तर बाकीच्या मोजणीचा आधार घेतो. नाही जुळले, तर स्वतःचं काम वाढवतो.

पडून राहिलेल्या मालाची किंमत किती घटवायची, हा मात्र अंदाजाचा प्रश्न. तिथे व्यवस्थापनाला नफा फुगवायला वाव असतो, म्हणून तो निर्णय तो स्वतःच तपासतो. शेवटी अहवालावर सही त्याची असते, आणि अंतर्गत विभागाचं काम वापरलं म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही.