दोन ऊर्जा सारख्या निघाल्या, तर पुढे काय?

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १९५७ साली रोनाल्ड ब्रेस्लो यांनी एक छोटा पण विलक्षण आयन तयार केला. त्याच्या मध्यभागी कार्बनच्या तीन अणूंचं त्रिकोणी कडं होतं आणि कड्याच्या तीन कोपऱ्यांना तीन मोठे गट जोडलेले होते. कड्यावर पसरलेले इलेक्ट्रॉन मात्र दोनच. एवढं ताणलेलं कडं टिकावं कसं, याचं उत्तर एरिख ह्यूकेल यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीला इथे तीन ओळी आणि तीन स्तंभांची एक मॅट्रिक्स पुरते. बाहेरचे गट बाजूला ठेवून नुसत्या कड्याचा विचार केला, तर ती अशी दिसते:

```
0  1  1
1  0  1
1  1  0
```

प्रत्येक ओळ एका अणूची. एकट्या कार्बन अणूवरच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आपण शून्य धरली, म्हणून कर्णावर शून्य आले. शेजारच्या अणूवर जाण्याची मुभा दाखवण्यासाठी इतर जागी १ लिहिला. ऊर्जा मोजण्याचं एकक, ज्याला रसायनशास्त्रात β म्हणतात, ते ऋण आहे. त्यामुळे या मॅट्रिक्समधून जितकी मोठी संख्या निघेल, तितकी ती ऊर्जापातळी खाली असते.

ही मॅट्रिक्स हर्मिशियन आहे. म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या संख्या एकमेकींच्या अनुबद्ध आहेत: एका जागी a + ib असेल, तर समोर a − ib. संख्या वास्तव असतील, तर त्या सरळ सारख्याच असतात. अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू वास्तव असतात, हे फ्रेंच गणिती शार्ल एर्मिट यांनी १८५५ साली दाखवलं. पुढे १९२५ साली हायझेनबर्ग, बोर्न आणि यॉर्डन यांनी पुंज यांत्रिकी मॅट्रिक्सच्या भाषेत उभी केली. मोजमापात मिळणारी ऊर्जा वास्तव संख्याच हवी, म्हणून ऊर्जेची मॅट्रिक्स हर्मिशियन असावी लागते.

आयगेनव्हेक्टर म्हणजे असा सदिश, की मॅट्रिक्सने गुणल्यावर त्याची दिशा बदलत नाही, तो फक्त एका संख्येने गुणला जातो. ती संख्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू, आपल्या उदाहरणात ऊर्जा. आता u या सदिशाची ऊर्जा λ आणि v ची ऊर्जा μ आहे असं समजा. u आणि H v यांचा अदिश गुणाकार दोन तऱ्हांनी काढता येतो. H ला v वर चालवलं तर μ बाहेर येतो. H हर्मिशियन असल्यामुळे त्याला u वर चालवलं तरी चालतं, आणि मग λ बाहेर येतो. दोन्ही उत्तरं एकच असली पाहिजेत, म्हणून

(λ − μ)⟨u|v⟩ = 0

λ आणि μ वेगळे असतील, तर ⟨u|v⟩ शून्य असण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे u आणि v एकमेकांना लंब आहेत. वर्गात ही सिद्धता झाली, की बरेच विद्यार्थी ‘हर्मिशियन मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर लंब असतात’ एवढंच वाक्य लक्षात ठेवतात. पण λ आणि μ सारखे असतील, तर हे समीकरण फक्त ‘शून्य बरोबर शून्य’ एवढंच म्हणतं. u आणि v यांच्यातल्या कोनाबद्दल ते काहीच सांगत नाही. सारख्या आयगेनव्हॅल्यूंच्या या स्थितीला डीजनरसी म्हणतात, आणि आपल्या त्रिकोणी कड्यात ती समोरच आहे.

मॅट्रिक्सला (१, १, १) ने गुणून पाहा. उत्तर (२, २, २) येतं, म्हणजे ही २ ऊर्जेची अवस्था झाली. β ऋण असल्याने ही सर्वांत खालची पातळी. दोन्ही इलेक्ट्रॉन तिच्यातच मावतात आणि त्यामुळे कडं टिकतं. आता असा कोणताही सदिश घ्या, ज्याच्या तीन घटकांची बेरीज शून्य आहे. त्याला गुणल्यावर प्रत्येक घटकाच्या जागी इतर दोघांची बेरीज येते, आणि ती बेरीज म्हणजे त्याच घटकाची ऋण संख्या. म्हणून अशा प्रत्येक सदिशाची आयगेनव्हॅल्यू −१ आहे. हे सदिश एकदोन नाहीत. x + y + z = 0 हे संपूर्ण प्रतलच −१ या ऊर्जेचं आहे.

सरावाच्या वहीत इथे बहुतेक वेळा दोन सोपे सदिश निवडलेले दिसतात: (१, −१, ०) आणि (१, ०, −१). दोन्ही अगदी बरोबर आयगेनव्हेक्टर आहेत. पण त्यांचा अदिश गुणाकार १ येतो, शून्य नाही. त्यांच्यात ६० अंशांचा कोन आहे.

याने काय बिघडतं ते संभाव्यता काढताना दिसतं. इलेक्ट्रॉन पहिल्या अणूवर आहे, म्हणजे अवस्था (१, ०, ०) आहे असं धरू. प्रत्येक सदिशाची लांबी आधी १ करून घ्यायची, मग त्याच्याशी अदिश गुणाकार करून वर्ग घ्यायचा, की त्या अवस्थेत इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता मिळते. (१, १, १) साठी ती १/३ येते. वरच्या दोन सोप्या सदिशांसाठी प्रत्येकी १/२ येते. तिन्हींची बेरीज ४/३ झाली! संभाव्यतांची बेरीज १ पेक्षा जास्त निघणं, ही आयगेनव्हेक्टर लंब नसल्याची सर्वांत स्पष्ट खूण आहे.

दुरुस्ती सोपी आहे आणि तिला ग्रॅम-श्मिट पद्धत म्हणतात. पहिला सदिश तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यातून पहिल्याच्या दिशेतला भाग काढून टाकायचा. इथे अदिश गुणाकार १ आणि (१, −१, ०) च्या लांबीचा वर्ग २, म्हणून निम्मा पहिला सदिश वजा करायचा: (१, ०, −१) मधून (१/२, −१/२, ०) गेले, उरले (१/२, १/२, −१). दुप्पट करून लिहिलं तर (१, १, −२). याही घटकांची बेरीज शून्यच आहे, म्हणजे आपण प्रतलाबाहेर गेलो नाही आणि ऊर्जा −१ च राहिली. आता संभाव्यता १/३, १/२ आणि १/६ अशा येतात आणि त्यांची बेरीज बरोबर १ होते.

या प्रतलात लंब जोडी एकच नाही. सपाट मैदानावर काटकोनातल्या दोन रेषा हव्या त्या दिशेने वळवून आखता याव्यात, तशा इथे अगणित जोड्या आहेत. त्यांतली एक संमिश्र संख्यांची आहे: (१, ω, ω²) आणि (१, ω², ω). इथे ω हे १ चं संमिश्र घनमूळ आहे आणि १ + ω + ω² = ०. या जोडीचा अदिश गुणाकार काढताना पहिल्या सदिशाचे घटक अनुबद्ध करायचे राहिले, तर उत्तर ३ येतं आणि जोडी लंब नाही असं वाटतं. अनुबद्ध केले, की १ + ω + ω² म्हणजे शून्य येतं. परीक्षेत होणाऱ्या चुकांत ही चूक फार जुनी आहे.

मग यातली कोणती जोडी खरी? फक्त ऊर्जेचा प्रश्न असेल, तर सगळ्याच. निवड ठरते ती दुसऱ्या प्रश्नाने. पहिल्या आणि दुसऱ्या अणूची अदलाबदल केली, तर (१, −१, ०) चं चिन्ह पालटतं आणि (१, १, −२) तसाच राहतो. ग्रॅम-श्मिटने दिलेली जोडी ही या अदलाबदलीचीही आयगेनव्हेक्टरची जोडी आहे. कड्यावर इलेक्ट्रॉनचा प्रवाह कोणत्या दिशेने आहे असं विचारलं, तर मात्र उत्तर संमिश्र जोडी देते: एक अवस्था एका दिशेने फिरणारी, दुसरी उलट्या दिशेने. ऊर्जेच्या मॅट्रिक्सशी क्रमनिरपेक्ष असलेली, म्हणजे आधी कोणती लावली याने उत्तर न बदलणारी दुसरी हर्मिशियन मॅट्रिक्स घेतली, तर दोघींचे सामाईक लंब आयगेनव्हेक्टर नेहमी मिळतात.

हा दुसरा प्रश्न कधीकधी परिस्थितीच विचारते. समजा, तिसऱ्या अणूला जोडलेला गट बदलला आणि त्या अणूची ऊर्जा शून्याऐवजी ०.१ झाली. पाठ्यपुस्तकातलं पहिल्या पायरीचं सूत्र सांगतं, की प्रत्येक अवस्थेच्या ऊर्जेत तिसऱ्या घटकाच्या वर्गाच्या ०.१ पट भर घाला. (१, −१, ०) चा तिसरा घटक शून्य, म्हणून तिची ऊर्जा −१ च राहते. (१, १, −२) ची लांबी १ केल्यावर तो वर्ग २/३ होतो आणि ऊर्जा −०.९३३ येते. पूर्ण मॅट्रिक्स सोडवली, तर अचूक उत्तरं −१ आणि −०.९३४ आहेत.

हेच सूत्र आपण (१, ०, −१) आणि तिला लंब असलेल्या (१, −२, १) या जोडीवर लावलं, तर −०.९५ आणि −०.९८३ मिळतात. जोडी लंब आहे, गणित सूत्राबरहुकूम आहे, तरीही दोन्ही आकडे चूक. कारण या जोडीत नवा बदल एका अवस्थेला दुसरीत मिसळतो. दोघींच्या ऊर्जा सारख्या असल्यामुळे पुढच्या पायरीच्या सूत्रात छेदात शून्य येतं. असा छेद दिसला, की थांबायचं. डीजनरेट प्रतलात त्या बदलाची छोटी दोन बाय दोनची मॅट्रिक्स लिहायची, तिचे आयगेनव्हेक्टर काढायचे आणि तीच जोडी घेऊन पुढे जायचं.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. NumPy मधलं `eig` कोणत्याही चौरस मॅट्रिक्ससाठी आहे आणि डीजनरसी असताना लंब सदिश देण्याची हमी ते देत नाही. हर्मिशियन मॅट्रिक्ससाठी `eigh` वापरा आणि तपासणी करा:

```python
import numpy as np
H = np.array([[0,1,1],[1,0,1],[1,1,0]], dtype=float)
E, V = np.linalg.eigh(H)
print(E)
print(np.round(V.conj().T @ V, 10))
```

शेवटच्या ओळीने कर्णावर १ आणि इतरत्र शून्य छापले पाहिजेत. −१ साठी छापलेले सदिश तुमच्या मित्राच्या संगणकावर वेगळे आले, तरी घाबरू नका. तुमच्या दोन एकक सदिशांपासून प्रत्येकाचा स्तंभ गुणिले ओळ असा गुणाकार करून बेरीज घ्या. ती कर्णावर २/३ आणि इतरत्र −१/३ आली पाहिजे. मित्राच्या सदिशांचीही नेमकी तीच येईल, कारण ही बेरीज सदिशांची नसून प्रतलाची आहे.

आयगेनव्हॅल्यू वेगळ्या असतील, तर लंबपणा आपोआप मिळतो. सारख्या असतील, तर तो आपण निवडायचा असतो, आणि हर्मिशियन मॅट्रिक्स एवढी हमी नक्की देते, की अशी निवड नेहमी शक्य आहे. पुढच्या वेळी दोन ऊर्जा सारख्या आल्या, की आधी सदिश लंब करून घ्या, आणि मग स्वतःला विचारा, की या प्रतलाला दुसरा प्रश्न कोण विचारतंय.